कोठडीतलं शरीर आणि डॉक्टरांचा कागद



आजचा विषय मी ठरवला तेव्हा व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विचारलं की कायद्याचा एवढा किचकट विषय श्रोत्यांना पेलेल का? मी म्हटलं, हा विषय सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या माणसांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये काय घडलं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच्या आदल्याच वर्षी कराडमध्ये कोठडीतल्या मृत्यूबद्दल पोलिसांवर गुन्हा दाखल झाला होता, तेही अनेकांना आठवत असेल. आपल्याला घटना ठाऊक आहेत. माणूस आत गेल्यावर त्याच्या शरीराची जबाबदारी कोणाकडे, कोणत्या तासाला, कोणत्या कागदावर असते, हे मात्र आपल्याला ठाऊक नाही. आज मी त्या कागदाबद्दल बोलणार आहे.

आधी सांगली. अनिकेत कोथळे हा २६ वर्षांचा तरुण. चाकूचा धाक दाखवून एकाला लुटल्याच्या गुन्ह्यात, दोन हजार रुपये आणि एका मोबाईलच्या प्रकरणात, त्याला आणि त्याच्या एका साथीदाराला सांगली शहर पोलिसांनी नोव्हेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात पकडलं. त्यानंतर पोलिसांनी जाहीर केलं की दोघेही कोठडीतून पळून गेले. घरच्यांनी ते मानलं नाही. घरची माणसं रस्त्यावर उतरली, शहर तापलं, वरिष्ठांनी चौकशी सुरू केली, आणि सोबत पकडलेल्या त्या तरुणाच्या जबाबातून निराळीच हकिकत बाहेर आली. सरकार पक्षाचं म्हणणं असं, की चौकशीच्या नावाखाली केलेल्या मारहाणीत अनिकेतचा मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह गाडीत घालून शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या आंबोली घाटात नेऊन जाळण्यात आला. एका उपनिरीक्षकासह पोलीस कर्मचाऱ्यांना अटक झाली. ज्याला आपण ‘झिरो पोलीस’ म्हणतो, असा एक खासगी माणूसही आरोपींमध्ये होता. तपास राज्य सीआयडीकडे गेला आणि उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमण्यात आलं. कोण दोषी ते ठरवणं न्यायालयाचं काम आहे, त्यात मी शिरणार नाही. मला विचारायचंय ते वेगळं. मृतदेह जाळण्याची गरज का वाटावी?

उत्तर साधं आहे. कोठडीत साक्षीदार नसतो. असलाच तर तो दुसरा आरोपी असतो, आणि त्याच्यावर कुणी चटकन विश्वास ठेवत नाही. मग उरतं ते एकच, त्या माणसाचं शरीर. मारहाण लिहिली जाते ती त्या शरीरावर, आणि आग तेच लिखाण पुसते. वळ जातात, त्वचेखालची रक्तस्रावाची निळाई जाते. माणूस आगीआधी मेला होता की आगीत, हे डॉक्टर अजूनही सांगू शकतात, कारण जिवंत माणसानं धूर श्वासात घेतला असेल तर काजळी श्वासनलिकेत सापडते आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड मिळतो. डीएनएवरून तो माणूस कोण हेही ठरतं. पण पाठीवर किती पट्टे बसले, तळपायावर काय झालं, हे वाचायला काही शिल्लक राहत नाही.

‘पळून गेला’ हे उत्तर महाराष्ट्राला नवीन नव्हतं. घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात पकडलेला परभणीचा अभियंता ख्वाजा युनुस जानेवारी २००३ मध्ये पारनेरजवळ पोलिसांच्या गाडीला अपघात होऊन पळाला, असंच सांगितलं गेलं होतं. तो पुन्हा कधी कुणाला दिसला नाही. त्या प्रकरणातही पोलिसांवरच खटला उभा राहिला. माणूस आणि मृतदेह दोन्ही नसले की उलटतपासणीत फक्त कागद बोलतात. म्हणून पुढचा सगळा वेळ मी कागदांना देणार आहे.

त्याआधी एक प्रश्न. दोन हजार रुपयांच्या लुटीत एवढी मारहाण कशासाठी? केवळ क्रूरपणा म्हणून ते सोडून देऊ नका. त्याला कायद्यातलं एक कारणही आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांनी १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात घातला, कारण पोलीस छळ करून कबुली मिळवतात हे त्यांच्याच चौकशीतून, १८५५ च्या मद्रासच्या अहवालातून, पुढे आलं होतं. पण त्या नियमाला एक खिडकी ठेवली गेली. आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरती माहिती पुरावा ठरते. हेच ते जुनं कलम २७, आताच्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ चा भाग. वस्तू अशी सापडण्याला पोलीस ठाण्याच्या भाषेत रिकव्हरी म्हणतात. मुद्देमाल हस्तगत झाला की गुन्हा ‘उघड’ झाला. ठाण्यातल्या गुन्हे प्रकटीकरण पथकाचं काम याच आकड्यावर मोजलं जातं. बोटांचे ठसे, मोबाईलचे तपशील, सीसीटीव्ही यांचा कष्टानं माग काढायला दिवस लागतात. पट्ट्याला एक रात्र पुरते असं मानलं जातं. मार खाणारा माणूस बहुतेक वेळा गरीब, भटक्या जमातीतला, दलित, मुसलमान किंवा आधी गुन्हा नोंदलेला असतो, आणि त्याच्या बाजूनं त्या रात्री कुणी फोन करणार नसतं. ही गणितं ठाण्यातल्या प्रत्येकाला पाठ असतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अटक झाल्यावर डॉक्टरांकडे नेतात, हे तुम्ही पाहिलं असेल. आपल्याकडे म्हणतात, ‘मेडिकल करून आणा’. पण कायद्यात मेडिकल दोन प्रकारचं आहे आणि दोन्हींची गल्लत केली जाते. नव्या संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ५१ ची तपासणी पोलिसांसाठी असते. रक्ताचे नमुने, अंगावरच्या खुणा, गुन्ह्याशी संबंध जोडणारा पुरावा, असं त्यात येतं. कलम ५३ ची तपासणी अटक झालेल्या माणसासाठी असते. जुन्या संहितेत तिचा आकडा ५४ होता. पूर्वी आरोपीनं मागितली तरच ती व्हायची. घाबरलेला माणूस, समोर पोलीस, मागणार कसा? २००८ च्या दुरुस्तीनं ती बंधनकारक झाली. अटकेनंतर लगेच, सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यानं ती करायची आहे. सरकारी डॉक्टर उपलब्ध नसेल तर नोंदणीकृत डॉक्टरनं करायची. स्त्रीची तपासणी स्त्री डॉक्टरनं किंवा तिच्या देखरेखीखाली व्हायची. अंगावर जखमा किंवा मारहाणीच्या खुणा असतील तर त्या, आणि त्या अंदाजे केव्हा झाल्या असाव्यात तेही, लिहायचं. आणि एक वाक्य विसरू नका. त्या अहवालाची प्रत अटक झालेल्या माणसाला, किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला, द्यायची.

मी वकिली करतो. आरोपींचे नातेवाईक माझ्याकडे येतात तेव्हा मी विचारतो, ती प्रत कुठे आहे? बहुतेकांना अशी प्रत मिळते हेच ठाऊक नसतं. 

आता प्रत्यक्षात काय घडतं? दुपारी किंवा रात्री आठ-नऊच्या सुमाराला हवालदार आरोपीला घेऊन सरकारी दवाखान्यात येतो. ओपीडीत गर्दी, अपघात विभागात एकच डॉक्टर. हवालदाराच्या हातात ठाण्याचं पत्र असतं, त्यात ‘तपासून अहवाल मिळावा’ एवढंच लिहिलेलं. डॉक्टर रक्तदाब बघतो, नाडी बघतो, ‘काही त्रास?’ विचारतो. आरोपी मागे उभ्या असलेल्या पोलिसाकडे पाहतो आणि मान हलवतो. कागदावर येतं, ‘प्रकृती ठीक, ताज्या बाह्य जखमा नाहीत, कोठडीस योग्य’. शर्ट उतरवला गेलेला नसतो. चप्पल काढलेली नसते. तीन मिनिटांत मेडिकल झालं. डॉक्टर वाईट नसतो. त्याला हा कागद पुढे कुठे वाचला जाणार आहे हे कुणी शिकवलेलं नसतं. अनेकदा त्याला हाही प्रश्न पडत नाही, की पोलिसांना दाराबाहेर उभं राहायला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे का. आहे. पोलिसाला आरोपीवर नजर ठेवता यावी, पण संभाषण ऐकू जाऊ नये, ही तपासणीची पहिली अट आहे. संयुक्त राष्ट्रांनी छळाच्या तपासणीसाठी मान्य केलेल्या इस्तंबूल प्रोटोकॉलनं तर ती ठामपणे सांगितली आहे.

योग्य तपासणी कशी असते, तेही ऐका. माणसाचं अंग पूर्ण उघडं करून पाहावं लागतं, त्याची लाज राखून, एकेक भाग करत. पाठ, नितंब, मांड्यांची मागची बाजू आणि तळपाय या चार जागा वगळून केलेली तपासणी निरुपयोगी आहे, कारण नेमक्या याच जागा मारहाणीसाठी निवडल्या जातात. कपड्यांखाली झाकल्या जातात, मांसल असल्यानं हाड मोडत नाही. गोल काठीचा तडाखा जोरात बसला की त्वचेवर दोन समांतर लाल रेषा उमटतात आणि मधला पट्टा फिकट राहतो, कारण मधलं रक्त दोन्ही बाजूंना ढकललं जातं. अशी जोडरेघ पडून, घसरून, भिंतीवर आपटून होत नाही. तळपायाचं निराळं. तिथली त्वचा जाड असल्यानं वरून फारसं दिसत नाही. पण माणूस टाच टेकवत नाही, बोटांवर चालतो, दाबलं की कळवळतो. दोन पावलं चालून दाखवायला सांगितलं तरी पुष्कळ कळतं.

मग येतो रंग. ताजा वळ लालसर-निळा असतो. पुढे तपकिरी होतो, मग हिरवट, मग पिवळा, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. यावरून नेमका तास सांगणारा डॉक्टर असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, कारण वय, जखमेची खोली, त्वचेचा रंग यांनी हा हिशेब बदलतो, आणि सावळ्या कातडीवर वळ ओळखणंच मुळात अवघड जातं. पण एक गोष्ट बऱ्यापैकी भरवशाची आहे. पिवळेपणा पहिल्या अर्ध्याएक दिवसात दिसत नाही. आता हीच गोष्ट कोठडीत किती मोलाची ठरते ते एका कल्पित उदाहरणानं सांगतो. समजा, कागदावर अटक मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता दाखवली आहे आणि त्याच रात्री आठला तपासणी झाली. डॉक्टरनं पाठीवर हिरवट-पिवळे वळ लिहिले. म्हणजे मार मंगळवारच्या संध्याकाळचा नाही, त्याआधीचा आहे. मग प्रश्न उभा राहतो, हा माणूस रविवार-सोमवार कुठे होता? घरचे सांगतात, ‘रविवारी सकाळीच चौकशीला म्हणून उचलून नेलं होतं’. ठाण्याच्या दैनंदिनीत मात्र त्याचं नाव मंगळवारी उगवतं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करण्याचं बंधन कागदावरच्या अटकेपासून मोजलं जातं, म्हणून अटकच उशिरा दाखवली जाते. अशा वेळी त्या माणसाच्या पाठीवरचा रंग ठाण्याच्या दैनंदिनीला खोटं पाडू शकतो. पण त्यासाठी डॉक्टरनं शर्ट उतरवायला हवा, रंग लिहायला हवा, आणि माणूस काय सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहायला हवं. ते शेवटचं फार महत्त्वाचं. कारण पोलीस म्हणू शकतात, ‘लोकांनी पकडून चोपला, आम्ही तर सोडवला’. तेही खरं असू शकतं. गावात चोर सापडला की जमाव काय करतो हे आपण जाणतो. म्हणून पहिल्या दिवशी लिहिलेली हकिकत सर्वांच्याच उपयोगाची असते, प्रामाणिक पोलिसाच्याही. पहिल्या तपासणीत अंग कोरं होतं आणि तिसऱ्या दिवशी वळ आहेत, तर मधल्या काळात तो कुणाच्या ताब्यात होता याला दोन उत्तरं नाहीत.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू प्रकरणात, डिसेंबर १९९६ मध्ये, दर अठ्ठेचाळीस तासांनी कोठडीतल्या माणसाची तपासणी सांगितली. खोल मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. पहिल्या रात्री न दिसलेलं नंतर दिसतं. त्याच निकालात अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही, कुटुंबाला कळवणं, चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याची मुभा या अटी आल्या. हा निकाल सगळ्यांना तोंडपाठ असतो. अठ्ठेचाळीस तासांनी केलेल्या तपासणीचा अहवाल रिमांडच्या कागदात मात्र क्वचितच सापडतो. नव्या संहितेतल्या कलम ५३ मध्ये डॉक्टरला गरज वाटल्यास पुन्हा तपासणी करण्याची मुभा दिली आहे. ही सुधारणा चांगली आहे. पण गरज वाटायला माणूस डॉक्टरपुढे पुन्हा यायला हवा. आणि नव्या संहितेनं पोलीस कोठडीचे पंधरा दिवस सुरुवातीच्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी घेण्याची वाट मोकळी केली आहे. माणूस कोठडीतून तुरुंगात, तुरुंगातून पुन्हा कोठडीत जाईल. प्रत्येक फेरीला तपासणी नको का?

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी म्हणून मी ती इथे मुद्दाम सांगतो. बेदम मारहाणीत हाड मोडलं नाही, डोक्याला लागलं नाही, रक्त वाहिलं नाही, तरी माणूस मरू शकतो. मोठे स्नायू ठेचले जातात, त्यांतलं द्रव्य रक्तात उतरतं, मूत्रपिंडं बंद पडतात. एक-दोन दिवसांनी लघवी काळसर, चहाच्या पाण्यासारखी होते, कमी होते, माणूस गुंगतो. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदय थांबतं. मग प्रमाणपत्रावर काय येतं? ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’. हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. ती का पडली, हे लिहायचं असतं. शवविच्छेदन करताना पाठीची, नितंबांची आणि तळपायांची त्वचा कापून खालचे स्नायू पाहिल्याशिवाय हे कळत नाही. वरून पाठ स्वच्छ दिसते आणि आत सगळं काळंनिळं निघतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं कोठडीतल्या मृत्यूसाठी शवविच्छेदनाचं चित्रीकरण आणि विशेष नमुना अर्ज यासाठीच सांगितला. मृत्यूची माहिती चोवीस तासांत आयोगाला देण्याचा दंडकही आयोगानं १९९३ मध्येच घातला.

आता कोर्टाकडे वळू. चोवीस तासांत माणूस मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहतो. तिथे एक प्रश्न विचारला जायला हवा. हे कुणी सांगितलं? मुंबईच्या लॉकअपमधल्या स्त्रियांची अवस्था पाहून शीला बर्से या पत्रकार महिलेनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि ‘शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९८३ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की मॅजिस्ट्रेटनं प्रत्येक आरोपीला विचारावं, तुला मारहाणीची तक्रार आहे का, आणि वैद्यकीय तपासणीचा तुला हक्क आहे हेही सांगावं. निकाल आपल्या राज्यातून निघाला, म्हणून मला त्याचं अप्रूप वाटतं. रिमांडच्या हुकुमात मग एक ओळ येते, ‘आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही’. पोलिसांनी वेढलेला, पुन्हा त्याच कोठडीत जाणार असलेला माणूस ‘नाही’ म्हणतो, तेव्हा त्या ‘नाही’ला किती वजन द्यायचं?

परभणीचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर शहरात हिंसाचार झाला, पोलिसांनी धरपकड केली. त्यांत कायद्याचा विद्यार्थी असलेला सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. सरकारतर्फे विधिमंडळात सांगण्यात आलं, की मॅजिस्ट्रेटपुढे त्यानं मारहाणीची तक्रार केली नव्हती, आणि त्याला श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनाचं प्राथमिक मत मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचं होतं. मॅजिस्ट्रेटच्या चौकशीचा अहवाल पोलिसांवर ठपका ठेवणारा निघाला. तरीही गुन्हा नोंदला गेला नाही. त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं. औरंगाबाद खंडपीठानं ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं महिनाअखेर तो कायम ठेवला. ‘तक्रार नव्हती’ हे वाक्य आणि शवविच्छेदनाचं मत एकाच माणसाबद्दल आहेत, हे विसरू नका. माझं मत स्पष्ट आहे. मॅजिस्ट्रेटनं प्रश्न विचारण्याआधी पोलिसांना कोर्टाबाहेर काढावं, आणि कलम ५३ चा अहवाल हातात घेतल्याशिवाय कोठडी वाढवू नये. अहवाल नसेल तर तारीख तासाभरानं पुढे घ्यावी आणि आरोपीला सिव्हिलमध्ये पाठवावं. यासाठी नवा कायदा लागत नाही.

कोठडीत मृत्यू झाल्यावर मॅजिस्ट्रेटची चौकशी बंधनकारक आहे, तीही तहसीलदाराची किंवा प्रांताची नव्हे, न्यायिक मॅजिस्ट्रेटची. २००५ च्या दुरुस्तीतलं जुनं कलम १७६(१-क) आता कलम १९६ मध्ये आलं आहे. कोठडीतून माणूस नाहीसा झाला तरी ते लागू होतं. ‘पळून गेला’ म्हटलं की चौकशी टळते असं समजू नका. मात्र या चौकशीच्या अहवालाचं पुढे काय, हे कलम स्पष्टपणे सांगत नाही. परभणीत म्हणून आईला खेटे घालावे लागले.

देखरेखीबद्दल बोलताना सीसीटीव्हीचा उल्लेख करावाच लागेल. सांगलीच्या घटनेनंतर ठाण्यांत कॅमेरे हा विषय गाजला. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात लॉकअप, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, दरवाजे सगळीकडे कॅमेरे बसवायला आणि चित्रण अठरा महिने ठेवायला सांगितलं. पण बंद पडलेला कॅमेरा ठाणे अंमलदारानेच कळवायचा असतो, आणि ठाण्याबाहेरच्या खोलीत, शेतातल्या घरात, गाडीत कॅमेरा नसतो. म्हणून मी शरीराचा कागद आधी ठेवतो.

आता स्वतंत्र देखरेख. पोलिसाविरुद्धची तक्रार पोलिसाकडेच द्यायची का? सांगलीचा तपास सीआयडीकडे गेला, ते बरं झालं. पण सीआयडीही पोलीसच. सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश सिंह निकालात, सप्टेंबर २००६ मध्ये, राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण सांगितलं. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्यस्तरीय आणि विभागीय प्राधिकरण आणलं. जिल्ह्याऐवजी विभाग, हा बदल लहान दिसतो. पण जत किंवा आटपाडीच्या, माण किंवा खटावच्या गावातल्या बाईला, जिचा मुलगा कोठडीत मेला, तिला सांगा की तक्रारीसाठी पुणे विभागाच्या प्राधिकरणाकडे जा. किती जणी जातील? कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक हे सगळे विषय प्राधिकरणाच्या कक्षेत आहेत. मात्र आपल्या पोलीस ठाण्याच्या भिंतीवर त्याचा पत्ता लिहिलेला तुम्ही किती ठिकाणी पाहिला आहे? २०१५ मध्ये डी. के. बसू प्रकरणातच न्यायालयानं पोलीस ठाण्यांत बिनसरकारी अभ्यागत नेमण्याचा विचार करायला सांगितला. तुरुंगांत अशा भेटी होतात. तुमच्यातलाच एखादा निवृत्त शिक्षक, एखादी डॉक्टर, एखादा वकील न सांगता रात्री दहा वाजता ठाण्यात जाऊन कोठडीत किती माणसं आहेत आणि दैनंदिनीत किती आहेत एवढंच मोजू शकला, तरी बेकायदा डांबलेला माणूस सापडेल.

कायद्यातली शेवटची उणीव पुराव्याच्या ओझ्याची. कोठडीत जखमा झाल्या तर त्या कशा झाल्या हे पोलिसांनी सांगावं, नाहीतर त्यांनीच केल्या असं गृहीत धरावं, अशी शिफारस विधी आयोगानं १९८५ मध्ये केली. ३० ऑक्टोबर २०१७ रोजी आपल्या २७३ व्या अहवालात आयोगानं पुन्हा छळविरोधी कायद्याचा मसुदा दिला. तारीख पाहा. सांगलीची घटना त्यानंतर जेमतेम आठवडाभरात घडली. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली आहे, मान्यता अजून दिलेली नाही. पुराव्याचा नवा कायदा आला, त्यात हे गृहीतक नाही.

शेवटी या मातीकडे येतो. स्वातंत्र्यापूर्वी सातारा जिल्हा एकच होता, आजच्या सांगली जिल्ह्यातला बराच भागही त्यात होता, आणि १९४२ नंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारातल्या माणसांच्या मागे पोलीस लागले होते. साताऱ्याचं सिव्हिल आज त्या क्रांतिसिंहांच्या नावानं ओळखलं जातं. कोठडी म्हणजे काय हे या मातीतल्या घरांना ऐकीव नाही.

म्हणून माझी मागणी वकिलांना, डॉक्टरांना आणि नातेवाईकांना आहे. वकिलांनी पहिल्या रिमांडला आणि नंतरच्या प्रत्येक रिमांडला लेखी अर्ज द्यावा की कलम ५३ च्या अहवालाची प्रत आरोपीला मिळाली की नाही ते रोजनाम्यात नोंदवावं. डॉक्टरांनी अहवालावर तपासणीची वेळ, सोबत आलेल्या पोलिसाचं नाव आणि बक्कल नंबर लिहावा, आणि आरोपीची मागची बाजू व तळपाय पाहिले की नाहीत तेही लिहावं. आणि घरच्यांनी माणूस उचलून नेला त्याच रात्री, अटक दाखवायच्या आधी, वेळ, गाडीचा नंबर आणि कोण होतं ते पोलीस अधीक्षकांना आणि मानवाधिकार आयोगाला मेलनं किंवा तारखेचा शिक्का पडेल अशा टपालानं कळवावं. नियंत्रण कक्षात फोन केला असेल तर तो केव्हा केला तेही लिहून ठेवावं. पुढे ठाण्याची दैनंदिनी मंगळवार म्हणाली, तर रविवार सिद्ध करायला हा शिक्काच हाताशी असेल.